जर्कॅट पेशींत जीन घालायचा: लिपिड, इलेक्ट्रोपोरेशन की लेंटिव्हायरस?

प्रश्न: एचईके २९३टी पेशींत लिपिड रिएजंटने ८० टक्के पेशी हिरव्या होतात. तेच प्लाझ्मिड (पीसीडीएनए ३.१, सीएमव्ही प्रमोटर, १.८ किलोबेसचा जीन आणि त्याला जोडलेला जीएफपी) जर्कॅटमध्ये घातलं तर जेमतेम २-३ टक्के. रिएजंट वाढवलं की पेशी मरतात. इलेक्ट्रोपोरेशन करू का थेट लेंटिव्हायरसकडे वळू? शेवटी हे प्रथिन कायम बनवणारी जर्कॅट लाइन हवी आहे.

उत्तर:

कायमची लाइन हवी असेल तर लेंटिव्हायरस. पण आजचं प्लाझ्मिड जसंच्या तसं लेंटिव्हायरल वेक्टरमध्ये उचलून ठेवलंत तर तिथेही हाती काही लागणार नाही. त्याचं कारण पुढे येईल. आधी २-३ टक्क्यांचा अर्थ लावू, कारण त्यात दोन वेगळ्या अडचणी मिसळलेल्या असण्याची शक्यता आहे.

जीनला तीन टप्पे पार करायचे असतात: पेशीचं पटल, केंद्रकाचं आवरण आणि (कायमची लाइन हवी असेल तर) गुणसूत्रात शिरणं. लिपिड पहिला टप्पा पेशीच्याच मदतीने पार करतं. धनभारित लिपिड आणि ऋणभारित डीएनए यांचे गोळे बनतात, ते पेशीच्या पृष्ठभागावरच्या ऋणभारित साखळ्यांना, मुख्यतः हेपरान सल्फेटला, चिकटतात आणि पेशी त्यांना एंडोसाइटोसिसने आत ओढते. एचईके पेशी तळाला चिकटून पसरलेल्या असतात, गोळे त्यांच्यावर आपोआप बसतात आणि त्या भराभर आत घेतात. जर्कॅट तरंगत्या, गोल, पृष्ठभागावर हेपरान सल्फेट कमी असलेल्या आणि एंडोसाइटोसिसमध्ये मंद. म्हणजे लिपिडला ज्या दारातून आत जायचं, ते दारच इथे अरुंद आहे. रिएजंट वाढवून दार रुंद होत नाही, फक्त पटलाला होणारी इजा वाढते. तुमच्या पेशी त्यानेच मरतात.

म्हणून जर्कॅटमध्ये लिपिडची मात्रा, डीएनएशी प्रमाण, मिश्रणाचा वेळ हे सगळं बदलत बसण्यात महिना घालवू नका. एचईकेसाठी मात्र लिपिड उत्तमच आहे. २४ वेलच्या प्लेटमध्ये वेलला ५०० नॅनोग्रॅम डीएनए, १ ते १.५ मायक्रोलिटर रिएजंट, पेशी ७० ते ९० टक्के पसरलेल्या, आणि गोळे बनवताना सीरम अजिबात नको. सीरममधली प्रथिनं गोळ्यांवर बसून त्यांचा भार झाकतात. तुमचे एचईकेचे आकडे पाहता हे सगळं तुम्हाला जमलेलं आहे.

आता दुसरी अडचण. सीएमव्ही प्रमोटर एचईकेमध्ये जोरात चालतो, पण शांत टी पेशींत आणि जर्कॅटमध्ये तो बराच कमजोर पडतो. पीएमए आणि आयोनोमायसिनने पेशी उत्तेजित केल्या की तो वर येतो. याचा अर्थ, तुमच्या काही जर्कॅटमध्ये प्लाझ्मिड पोचलेलं असेल, पण हिरवेपणा फ्लो सायटोमीटरच्या गेटखाली राहत असेल. हे वेगळं करायला एक सोपी चाचणी आहे. ईएफ-१ अल्फा प्रमोटरखाली नुसता जीएफपी असलेलं प्लाझ्मिड त्याच दिवशी, त्याच पद्धतीने, शेजारच्या नमुन्यात घाला. त्यात १०-१२ टक्के आले आणि तुमच्यात ३, तर मोठा वाटा प्रमोटरचा किंवा तुमच्या प्रथिनाचा आहे. दोन्हींत ३ च आले, तर डीएनए आतच जात नाही.

ही मोजणी करताना मेलेल्या पेशी बाजूला काढल्याच पाहिजेत. लिपिडने मेलेल्या पेशी स्वतः चमकतात आणि हिरव्या खिडकीत येऊन बसतात. प्रोपिडियम आयोडाइड किंवा ७-एएडी घालून जिवंत पेशींवरच गेट लावा. शिवाय जीएफपी नसलेलं रिकामं प्लाझ्मिड घातलेला नमुना ठेवा. गेट त्या नमुन्यावर ठरवा, काहीच न केलेल्या पेशींवर नाही. एवढं केल्यावर तुमचे २-३ टक्के एकावर आले तरी नवल वाटू देऊ नका.

इलेक्ट्रोपोरेशन कुठे कामाला येतं

इलेक्ट्रोपोरेशन पेशीच्या मर्जीवर अवलंबून नसतं. विजेच्या धक्क्याने पटलात क्षणभर छिद्रं पडतात आणि त्याच क्षेत्राच्या ओढीने ऋणभारित डीएनए पटलात घुसतं. म्हणून डीएनए धक्क्याच्या आधीच क्युव्हेटमध्ये असायला हवं. धक्का देऊन झाल्यावर घातलेला छोटा रंग आत जाईल, प्लाझ्मिड जवळपास नाही.

साध्या, घातांकी उताराच्या स्पंदाच्या यंत्रावर जर्कॅटसाठी वर्षानुवर्षं चाललेली मांडणी अशी. आदल्या दिवशी पेशी मिलिलिटरला ३ ते ५ लाखांवर आणून ठेवा, म्हणजे धक्क्याच्या वेळी त्या जोमाने विभागत असतील. जिवंतपणा ९५ टक्क्यांच्या खाली असेल तर त्या दिवशी प्रयोग करू नका. १ कोटी पेशी ३०० जी वर ५ मिनिटं फिरवा आणि सीरम नसलेल्या आरपीएमआयच्या ४०० मायक्रोलिटरमध्ये हलकेच मिसळा. त्यात १० ते २० मायक्रोग्रॅम प्लाझ्मिड, मायक्रोलिटरला किमान १ मायक्रोग्रॅम इतकं दाट आणि पाण्यात किंवा टीई बफरमध्ये असलेलं. डीएनएचं आकारमान एकूण आकारमानाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. ४ मिलिमीटरचं क्युव्हेट, खोलीच्या तापमानाला ५ ते १० मिनिटं, मग २५० व्होल्ट आणि ९५० मायक्रोफॅरड. धक्क्यानंतर १० मिनिटं पेशींना हात लावू नका. पिपेटने ढवळलंत तर उघडी पटलं फाटतात. नंतर त्या हलकेच १० मिलिलिटर कोमट, सीरमयुक्त, अँटिबायोटिक नसलेल्या मीडियममध्ये सोडा.

धक्क्यानंतर यंत्र टाइम कॉन्स्टंट दाखवतं. तो प्रत्येक वेळी वहीत लिहा, कारण टक्केवारीपेक्षा आधी तोच बोलतो. या मांडणीत तो साधारण २० मिलिसेकंदांच्या आसपास येतो. तो अचानक खूप खाली आला तर नमुन्यात मीठ जास्त आहे, म्हणजे प्लाझ्मिड धुताना ७० टक्के इथेनॉलचा टप्पा नीट झालेला नाही. ‘फट’ असा आवाज होऊन ठिणगी उडाली तर मीठ, बुडबुडा, पेशींच्या गुठळ्या किंवा थंड क्युव्हेटवर बाहेरून साचलेलं पाणी यांपैकी एक कारण असतं. ठिणगी उडालेला नमुना मोजणीत धरू नका.

व्होल्टेज ठरवताना बहुतेकांची गल्लत होते. हिरव्या पेशींची टक्केवारी पाहून ते व्होल्टेज चढवत जातात. समजा २४० व्होल्टला ७५ टक्के पेशी जगल्या आणि जगलेल्यांपैकी २० टक्के हिरव्या झाल्या. गुणाकार केला तर सुरुवातीच्या १०० पेशींमागे १५ हिरव्या, जिवंत पेशी. २६० ला ६० टक्के जगल्या, ३५ टक्के हिरव्या, म्हणजे २१. २८० ला हिरव्या ५० टक्के झाल्या, पण जगल्या फक्त ३० टक्के, म्हणजे पुन्हा १५. नुसतं टक्केवारीकडे पाहणारा २८० निवडेल, आणि त्याच्याकडे मरणाच्या संकेतांनी भरलेल्या पेशी उरतील. टी पेशींच्या संकेतमार्गांवर काम करणार असाल तर हे फार महागात पडतं, कारण धक्क्याने कॅल्शियमही आत येतं आणि एनएफएटीसारखे मार्ग स्वतःहून हलतात. म्हणून धक्क्यानंतर पेशींना निदान १६ ते २४ तास विश्रांती द्या आणि मगच उत्तेजित करा. रिकामं प्लाझ्मिड आणि धक्का दिलेला नमुना शेजारी हवाच.

धक्क्याने पेशी मरतात तशा डीएनएनेही मरतात. हे तपासायला डीएनए न घालता एका नमुन्याला धक्का द्या. तो छान जगला आणि डीएनए घातलेला मेला तर व्होल्टेज कमी करून उपयोग नाही. मिडीप्रेपमधला एंडोटॉक्सिन काढणारा संच वापरा, डीएनएची मात्रा अर्धी करून बघा. रक्तातून काढलेल्या टी पेशींमध्ये हा प्रश्न जर्कॅटपेक्षा कितीतरी तीव्र असतो. पेशीरसातल्या डीएनएला त्या जोराने प्रतिसाद देतात. तिथे प्लाझ्मिडऐवजी एमआरएनए, किंवा जीन बाद करायचा असेल तर तयार कॅस९ प्रथिन आणि गाइड आरएनए यांचं संकुल घालतात.

इलेक्ट्रोपोरेशन पहिला टप्पा पार करतं, पुढचे दोन मोठ्या प्रमाणात पेशीवरच राहतात. प्लाझ्मिड केंद्रकात मुख्यतः पेशी विभागताना, आवरण विरघळतं तेव्हा शिरतं. म्हणून विभागणाऱ्या पेशींचा आग्रह. आणि गुणसूत्रात तर ते फारच क्वचित, तेही कुठेही, शिरतं. बाकीच्या पेशींत दर विभागणीला प्लाझ्मिड पातळ होत जातं आणि आठवड्याभरात हिरवेपणा जवळजवळ संपतो. ल्युसिफरेज रिपोर्टरसारखं ४८ तासांत उरकणारं काम असेल तर हेच हवं असतं. कायमची लाइन या वाटेने काढता येते: प्लाझ्मिड अँपिसिलिन प्रतिरोधाच्या जीनमध्ये कापून सरळ करा, धक्का द्या, दोन दिवसांनी जी४१८ सुरू करा आणि ९६ वेलच्या प्लेट्समध्ये पातळ करून क्लोन उगवू द्या. दोन-तीन आठवडे जातात, आणि जे क्लोन उगवतात त्यातल्या बऱ्याच जणांत प्रतिरोधाचा जीन शाबूत पण तुमचा जीन तुटलेला निघतो. वर्तुळाकार प्लाझ्मिड कुठे तुटून जोडलं जाईल हे आपल्या हातात नसतं, म्हणूनच आधी कापून घ्यायचं.

लेंटिव्हायरस: तुमच्या कामाचा रस्ता

व्हीएसव्ही-जी आवरणाचा लेंटिव्हायरस जर्कॅटमध्ये सहज शिरतो, केंद्रकाचं आवरण शाबूत असतानाही आत जातो आणि आपला जीनोम गुणसूत्रात जोडतो. तिन्ही टप्पे एकाच वाहनाने. पण त्याच्या अटी कडक आहेत.

पहिली अट वेक्टरची. पीसीडीएनए ३.१ मध्ये तुमच्या जीनमागे बीजीएच पॉली-ए संकेत आहे. अख्खी कॅसेट, प्रमोटरपासून पॉली-ए पर्यंत, उचलून लेंटिव्हायरल वेक्टरमध्ये त्याच दिशेने ठेवायचा मोह होतो. विषाणूचा जीनोम म्हणजे ५' एलटीआरपासून ३' एलटीआरपर्यंतचा एकसंध आरएनए. मध्येच पॉली-ए संकेत आला की आरएनए तिथेच तुटतो, ३' एलटीआर त्यात येतच नाही आणि पुढचं उलट लिप्यंतर पूर्ण होऊ शकत नाही. याची खूण फसवी असते: व्हायरस बनवणाऱ्या एचईके पेशी हिरव्यागार दिसतात, कारण त्यांच्यात प्लाझ्मिड स्वतःच जीएफपी बनवतं, आणि जर्कॅटमध्ये मात्र काहीच उमटत नाही. म्हणून फक्त जीन आणि जीएफपीचा कोडिंग भाग घ्या, स्टॉप कोडॉनपर्यंत, आणि तो ईएफ-१ अल्फा प्रमोटर असलेल्या, स्वतःला निष्क्रिय करणाऱ्या एलटीआरच्या वेक्टरमध्ये बसवा. तुमचा भाग जीएफपी धरून २.५ किलोबेस होतो. प्रमोटर आणि प्युरोमायसिनचा जीन धरूनही दोन एलटीआरमधलं अंतर ८ किलोबेसच्या आत सहज राहील. त्याच्या वर गेलं की टायटर झपाट्याने घसरतो.

प्लाझ्मिड स्टेबल३ जीवाणूंत ३० अंशांवर वाढवा. दोन एलटीआर एकसारखे असल्याने साध्या जीवाणूंत मधला भाग गळून पडतो. दर प्रेपनंतर एका एंझाइमने कापून जेलवर पट्ट्या तपासा.

व्हायरस बनवण्यासाठी १० सेंटिमीटरच्या डिशमध्ये आदल्या दिवशी ४० लाखांच्या आसपास एचईके २९३टी. दुसऱ्या दिवशी तुमचं वेक्टर १० मायक्रोग्रॅम, पीएसपॅक्स२ ७.५ आणि पीएमडी२.जी २.५, एकूण २० मायक्रोग्रॅम. त्यासाठी पीईआय ६० मायक्रोग्रॅम, सीरम नसलेल्या १ मिलिलिटर मीडियममध्ये १५ ते २० मिनिटं. म्हणजे इथेही पहिलं काम रसायनाने होणारं ट्रान्सफेक्शनच आहे. तुमच्या हातात ते जमलेलं आहे याचा इथे फायदा. दुसऱ्या सकाळी मीडियम बदला, ४८ आणि ७२ तासांनी वरचं द्रव गोळा करा, ५०० जी वर फिरवून ०.४५ मायक्रॉनच्या पीईएस गाळणीतून गाळा. नायट्रोसेल्युलोज गाळणी नको, ती व्हायरस धरून ठेवते. २५० मायक्रोलिटरचे वाटे करून उणे ८० ला ठेवा. एकदा वितळवलेला वाटा पुन्हा गोठवू नका, दर गोठण-वितळणीला टायटर खाली जातो. टायटरही गोठवून वितळवलेल्या वाट्याचाच मोजा, ताज्याचा नव्हे.

टायटर जर्कॅटमध्येच मोजा. एचईकेमध्ये मोजलेला आकडा जर्कॅटला लागू पडत नाही. वेलमध्ये १ लाख पेशी, पॉलिब्रिन मिलिलिटरला ८ मायक्रोग्रॅम, आणि व्हायरस १, ३, १०, ३०, १०० मायक्रोलिटर. प्लेट ३२ अंशांवर ८०० जी ला ६० ते ९० मिनिटं फिरवली की तरंगत्या पेशींत फरक पडतो. ७२ तासांनी फ्लोवर मोजा. समजा १० मायक्रोलिटरला १२ टक्के हिरव्या आल्या:

```
100000 × 0.12 ÷ 0.01 ml = 1.2 × 10^6 TU/ml
```

हिशोबासाठी ५ ते २० टक्क्यांमधलाच वेल घ्या. त्याच्या वर एका पेशीत दोन-तीन कण शिरू लागतात आणि मोजताना ती एकच धरली जाते. किती कण किती पेशींत पडतील हे पॉइसाँच्या नियमाने ठरतं:

```
P(0) = e^(-m)
m = 0.3 : P(0) = 0.74
m = 1   : P(0) = 0.37
```

इथे m म्हणजे पेशीमागे सरासरी कण. ०.३ वर २६ टक्के पेशी हिरव्या होतील आणि त्यातल्या साधारण ८६ टक्क्यांत एकच प्रत असेल. १ वर हिरव्या ६३ टक्के, पण त्यातल्या ४० टक्क्यांहून जास्त पेशींत दोन किंवा अधिक प्रती. लाइन बनवायची असेल तर ६३ टक्क्यांचा मोह टाळा. प्रथिनाचं प्रमाण पेशीगणिक वेगवेगळं होतं आणि गुणसूत्रातली इजाही वाढते. १० लाख पेशींना ०.३ ने संसर्ग द्यायला ३ लाख कण लागतील, म्हणजे वरच्या टायटरने २५० मायक्रोलिटर.

४८ तासांनी प्युरोमायसिन. मात्रा आधी न संसर्गित जर्कॅटवर ठरवा: मिलिलिटरला ०.२५, ०.५, १, २ मायक्रोग्रॅम, आणि तीन-चार दिवसांत सगळ्या पेशी मारणारी सर्वांत कमी मात्रा घ्या. बहुधा ०.५ ते १ च्या आसपास ती सापडते. निवडीच्या काळात पेशी मिलिलिटरला २ लाखांखाली जाऊ देऊ नका. जर्कॅट विरळ झाल्या की औषधाशिवायही सुकतात.

एक फसवणूक लक्षात ठेवा. पहिल्या दोन दिवसांतला हिरवेपणा सगळा खरा नसतो. व्हायरसच्या द्रवात एचईकेमधून आलेला जीएफपी आणि उरलेलं प्लाझ्मिडही असतं, आणि ते पेशींना चिकटतं. म्हणून ४८ तासांचा आकडा टायटर म्हणून वापरू नका, आणि ७ ते १० दिवसांनी पुन्हा मोजा. टक्केवारी टिकली तर जीन जोडला गेला. निम्म्याहून खाली आली तर पहिला आकडाच पोकळ होता. उलट्या लिप्यंतराला रोखणारं नेव्हिरापिनसारखं औषध एका वेलमध्ये घातलंत आणि तिथेही हिरवेपणा तेवढाच राहिला, तर शंकाच उरत नाही.

हे काम सुरू करण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची, म्हणजे आयबीएससीची, मंजुरी आणि बीएसएल-२ ची व्यवस्था लागते. तुमचा जीन पेशींची वाढ वाढवणारा असेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा, कारण हा व्हायरस तुमच्या स्वतःच्या पेशींतही तितक्याच सहज शिरतो. सुया आणि काचेच्या पिपेट या कामातून पूर्ण बाद करा. व्हायरस लागलेलं सगळं ताज्या हायपोक्लोराइटमध्ये अर्धा तास ठेवल्याशिवाय बाहेर काढू नका.

एकूण क्रम असा ठेवा. या आठवड्यात ईएफ-१ अल्फा जीएफपीची तुलना इलेक्ट्रोपोरेशनने करा. तुमचं प्रथिन जर्कॅटला सोसवतं का, ते योग्य जागी जातं का, हे त्यातून ४८ तासांत कळेल. ते विषारी निघालं तर लेंटिव्हायरसच्या वेक्टरमध्ये डॉक्सिसायक्लिनने चालू होणारा प्रमोटर घ्यावा लागेल, आणि हे क्लोनिंगच्या आधी कळलेलं बरं. त्याच वेळी जर्कॅटची मायकोप्लाझ्मा चाचणी उरका. दूषित पेशींत तिन्ही पद्धतींचे आकडे खोटे येतात. मग वेक्टर, व्हायरस, टायटर, ०.३ ने संसर्ग, निवड. निवड झाल्यावर फ्लोने मधल्या उजेडाच्या पेशी वेगळ्या करा, अगदी झगझगीत नकोत, त्यांत बहुप्रतीच्या पेशी जास्त असतात. लगेच दहा-बारा व्हायल गोठवा. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी फ्लोच्या आलेखात हिरवा ढीग दोन भागांत फुटायला लागला तर जीन गप्प होतो आहे असं समजून नवी व्हायल वितळवायची.